इंटर्नशिपच्या अर्जाचा ईमेल, सोबत सीव्ही आणि मोटिव्हेशन लेटर (मोडी दप्तर, पुणे): मसुदा बघाल का?

सायली_के

नमस्कार. मी एम.ए. इतिहासच्या पहिल्या वर्षाला आहे, कोल्हापूर. दुसऱ्या सत्रात 4 श्रेयांकांचं ऑन जॉब ट्रेनिंग आहे, ते मला पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या मोडी दप्तरात करायचं आहे. संस्थेच्या संकेतस्थळावर इतकंच लिहिलंय की सीव्ही आणि मोटिव्हेशन लेटर ईमेलने कार्यालयाकडे पाठवावे. मी असा मेल लिहिलाय:

> विषय: इंटर्नशिपबाबत
>
> आदरणीय सर/मॅडम,
> मला लहानपणापासून इतिहासाची अत्यंत आवड आहे. आपली संस्था महाराष्ट्रातील अत्यंत नामांकित संस्था असून तेथे काम करणे हे माझे स्वप्न आहे. मला मोडी लिपीचे उत्तम ज्ञान आहे. मी मेहनती व प्रामाणिक असून दिलेले काम वेळेत पूर्ण करते. आपल्याकडील कागदपत्रांचा माझ्या प्रबंधासाठी खूप उपयोग होईल. कृपया मला संधी द्यावी. सोबत सीव्ही व मोटिव्हेशन लेटर जोडले आहे, ते पाहावे ही विनंती.
> आपली नम्र,
> सायली

मला अडलंय ते असं: मेलमध्ये किती लिहायचं आणि लेटरमध्ये किती? आत्ता दोन्हीकडे जवळजवळ तेच आलंय. आणि मेल मराठीत चालेल की इंग्रजीतच हवा?

निखिल_ठाणे

इंग्रजीत पाठव. सीव्हीत कीवर्ड्स हवेत, कारण कंपन्यांमध्ये आधी सॉफ्टवेअर सीव्ही चाळतं आणि मग तो माणसाकडे जातो. जाहिरातीत जे शब्द आहेत तेच सीव्हीत आले पाहिजेत. आणि विषयाच्या ओळीत जॉब आयडी टाकायला विसरू नकोस. मी आत्ता डेटा अॅनालिटिक्सच्या इंटर्नशिपसाठी पाठवतोय ते सगळे अर्ज याच पद्धतीने आहेत.

वाचस्पती

निखिल, ही कंपनी नाही, दप्तर आहे. तिथे जॉब आयडी कुठून येणार?

सायली, मेल मराठीतच लिहावा, मोडीच्या दप्तराशी पत्रव्यवहार इंग्रजीत कशाला? पण मेल हा अर्ज नव्हे, मेल म्हणजे पाकीट. पाकिटावर कोणी मजकूर लिहीत नाही. "अर्ज सोबत जोडला आहे, कृपया स्वीकार व्हावा" एवढीच ओळ पुरे, बाकी सगळं मोटिव्हेशन लेटरमध्ये. आणि दोन फायली सुट्या पाठवण्यापेक्षा झिप करून एकच पाठवा, म्हणजे एखादी हरवायची नाही.

दप्तरी

वाचस्पतींचं मराठीबद्दलचं म्हणणं आणि मेल आटोपशीर हवा हे म्हणणं, दोन्ही बरोबर. पण कोरा मेल आणि झिप नको. झिप फाइल आली की बऱ्याच कार्यालयांत ती उघडलीच जात नाही. कोणी व्हायरसच्या भीतीने उघडत नाही, आणि फोनवर मेल बघणाऱ्याला ती उघडताना अडचण येते. दोन पीडीएफ सुट्या जोड.

मेलमध्ये किती लिहायचं हे ठरवण्यासाठी तो मेल पुढे कसा फिरतो ते डोळ्यांसमोर आण. अशा संस्थांत कार्यालयाच्या पत्त्यावर आलेला मेल आधी लिपिक बघतो. तो मेलचा प्रिंट काढतो आणि कार्यवाहांच्या किंवा दप्तर बघणाऱ्या अभ्यासकाच्या टेबलावर ठेवतो. जोडलेल्या फायलींचा प्रिंट निघेलच असं नाही. निघाला तरी तो वेगळ्या टाचणीत लागतो. म्हणजे निर्णय घेणाऱ्याच्या हातात पहिल्यांदा पडतो तो मेलचाच कागद. त्या एका कागदावरून त्याला कळलं पाहिजे की ही मुलगी कोण, किती तासांसाठी आणि कोणत्या तारखांना येणार, मोडी कितपत वाचते आणि कोणतं काम करायला तयार आहे. हे कळलं तर तो म्हणतो, "बाकीचे कागद काढा." नाही कळलं तर तो कागद ढिगाखाली जातो, आणि त्यात कोणाचा वाईट हेतूही नसतो.

तुझ्या मसुद्यात यातलं एकच आहे, मोडी, आणि तेही "उत्तम ज्ञान" अशा मोघम शब्दांत. तारखा नाहीत, तास नाहीत, विद्यापीठ नाही, फोन नाही, पूर्ण नावही नाही.

सायली_के

तासांचं मी लिहिलंच नाही, कारण विभागाने फक्त "4 श्रेयांक" म्हटलंय.

दप्तरी

साधारण 1 श्रेयांकाला 30 तास धरतात, म्हणजे 120 तास. तरी तुझ्या विभागाचं परिपत्रक बघून खात्री कर, कारण शेवटी प्रमाणपत्रावर हाच आकडा येणार.

श्रेयांक हे विद्यापीठाचं माप झालं, दप्तराला दिवस समजतात. म्हणून हिशोब तूच करून दे. दप्तर साधारण दुपारच्या जेवणाची सुट्टी धरून चालतं, त्यामुळे दिवसाचे प्रत्यक्ष कामाचे 5 तास धर. 120 भागिले 5, म्हणजे 24 दिवस. सोमवार 4 मे 2026 ला सुरुवात केलीस आणि सोमवार ते शुक्रवार आलीस तर 24 वा दिवस गुरुवारी 4 जूनला येतो. मेमध्ये सणाच्या सुट्ट्या येतात, एखादा दिवस संस्थेची बैठक असते, एखाद्या दिवशी वीज जाते. म्हणून मेलमध्ये 12 जूनपर्यंतचा काळ लिही. आठवड्याची ही सूट ठेवली नाहीस तर शेवटी 110 तासांवर अडकतेस आणि प्रमाणपत्रासाठी कार्यवाहांना गळ घालावी लागते.

एक आठवणीने बघ. काही संस्थांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते. तसं असेल तर "सोमवार ते शुक्रवार" लिहिणं चुकीचं ठरेल. संकेतस्थळावर दप्तराची वेळ आणि सुट्टीचा वार आधी बघून घे.

गावडे_सातारा

चांगला धागा. आमच्या घराण्याच्या पाटीलकीच्या वतनाचे कागद पुण्यात आहेत असं वडील सांगायचे. मला ते शोधायचे आहेत. मीही असाच मेल करावा का? सीव्ही जोडावा लागेल का?

दप्तरी

गावडेसाहेब, तुमचं काम वेगळं आहे. तुम्ही कागद बघायला जाणार, ही मुलगी कागदांवर काम करायला जाणार. तुम्हाला वाचक म्हणून परवानगी लागेल. गाव, तरफ, परगणा, अंदाजे काळ आणि वतनाचा प्रकार एवढं लिहा, सीव्हीची गरज नाही. गावाचं जुनं नाव वेगळं असेल तर तेही द्या. सूचीत बहुधा जुन्याच नावाने नोंद सापडते.

सायली, यावरून एक महत्त्वाचा मुद्दा निघतो. तू लिहिलंयस की कागदपत्रांचा तुझ्या प्रबंधासाठी उपयोग होईल. ते वाक्य काढून टाक. वाचणाऱ्याच्या मनात लगेच येतं की ही स्वतःचं संशोधन करायला येतेय, मग हिला वाचकाचा अर्ज भरू दे. इंटर्नकडून दप्तराला वेगळंच काम हवं असतं. कागदांचं गाठोडं बांधलेला रुमाल सोडायचा, कागद मऊ ब्रशने झाडायचे, प्रत्येक कागदाला पेन्सिलीने क्रमांक द्यायचा आणि सूचीत नोंद करायची: तारीख, कोणी कोणाला लिहिलं, विषय काय, बंद किती. एका दिवसात फार कागद होत नाहीत, आणि त्यातले बरेचसे तुझ्या विषयाच्या जवळपासही नसतात. हे काम करायची तयारी आहे हे वाक्य मेलमध्येच हवं.

सायली_के

पण माझा प्रबंधाचा विषय खरंच घाटमार्गांवरच्या जकातीचा आहे. तो लपवायचा का?

दप्तरी

मुळीच नाही. त्याची जागा मोटिव्हेशन लेटरमध्ये आहे. तिथे तो तुझ्या बाजूने बोलतो, कारण हिशेबी कागदांकडे वळणारे विद्यार्थी कमी असतात. पत्रं वाचायला सगळ्यांना आवडतं, जकातीचे आणि कोठीचे हिशेब कोणाला नको असतात. "पत्रांइतकेच हिशेबी कागदही सूचीबद्ध करायला मला आवडेल" असं लेटरमध्ये आलं तर दप्तर बघणारा थांबून वाचेल.

मृण्मयी_प

"उत्तम ज्ञान" याबद्दल थोडं. मोडी कोणत्या काळाची येते ते लिहिल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. शिवकालीन वळण आणि पेशवेकालीन वळण वाचण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आंग्लकालीन तर बोरूऐवजी टाकाचं, आणखी गिचमिड. दहा दिवसांच्या वर्गात बहुतेकांचा हात पेशवेकालीन चांगल्या अक्षरावर बसतो. तेच प्रामाणिकपणे लिही. गती किती तेही लिही. एका साध्या पत्राचं एक पान लिप्यंतर करायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघ आणि तो आकडा दे. अडतं कुठे तेही सांग. दप्तरातल्या माणसाला यावरून तुला कोणता रुमाल द्यायचा ते ठरवता येतं.

सायली_के

छापील पुस्तकातल्या नमुन्यावर बघितलं. पत्र असेल तर अर्धं पान तासाला. हिशेबात खंडी, मण, शेर कळतं, पण पाव-अर्धा-पाऊणच्या रेघा आल्या की गोंधळ होतो. हे लिहिलं तर नाकारणार नाहीत ना?

मृण्मयी_प

अर्धं पान तासाला हे सुरुवातीला व्यवस्थित आहे. रेघांत सगळेच अडतात. "हिशेबी मोडी येते" असं लिहून पहिल्याच दिवशी रेघांपाशी थांबलीस तर मात्र अवघड होईल.

अक्षरजुळणी

मी डीटीपीचं काम करतो, तेवढ्यापुरतं बोलतो. सायली, सीव्ही कशात टाइप केलाय?

सायली_के

कॉलेजजवळच्या दुकानात करून घेतला. वर्ड फाइल आहे. त्यातला मजकूर मेलमध्ये पेस्ट केला तर `ejkBh` असं काहीतरी आलं, म्हणून मेल मी फोनवर परत टाइप केला.

अक्षरजुळणी

हाच प्रश्न होता. `ejkBh` म्हणजे "मराठी"च, फक्त कृतिदेव फॉन्टमध्ये. जुन्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. तो फॉन्ट समोरच्या संगणकावर नसला की चेहरा जातो आणि इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. श्रीलिपीच्या बऱ्याच जुन्या फायलींचंही असंच होतं. ही वर्ड फाइल तशीच पाठवलीस तर कार्यालयात कदाचित पानभर निरर्थक अक्षरं दिसतील.

इलाज दोन आहेत. घाईत असशील तर दुकानातूनच पीडीएफ करून घे. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बांधला जातो, त्यामुळे प्रिंट बरोबर येईल. वेळ असेल तर मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलून घे, म्हणजे पुढच्या प्रत्येक अर्जाला तूच तो दुरुस्त करू शकशील. बदलल्यावर मात्र प्रत्येक ओळ वाच. कन्व्हर्टर सर्वांत जास्त चुकतात ते "दुसऱ्या", "कोल्हापूरच्या ऱ्हासाचा" अशा शब्दांतल्या ऱ वर. "दुसर्‍या"चं "दुसर्या" होतं. "श्र", "ज्ञ" आणि पहिली वेलांटी यांकडेही लक्ष ठेव. मोडी वाचते म्हणणाऱ्या मुलीच्या सीव्हीत "दुसर्या सत्रात" दिसलं तर ते वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटणार नाही.

आणखी एक. दुकानातली फाइल बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या सीव्हीवरून केलेली असते. पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडल्यावर वरच्या टॅबवर फाइलचं नाव न दिसता आत साठवलेलं शीर्षक दिसू शकतं, आणि तिथे त्या दुसऱ्या मुलाचं नाव येतं. वर्डमध्ये `File` > `Info` मध्ये जाऊन `Title` आणि `Author` बघ, आणि तुझं नाव घालून मगच पीडीएफ कर.

फाइलचं नाव रोमन अक्षरांत ठेव. देवनागरी नाव काही जुन्या मेल प्रोग्राममध्ये `=?UTF-8?B?` ने सुरू होणारी लांब ओळ होऊन दिसतं. हे दोन नमुने चालतील:

```
Adnav_Nav_CV.pdf
Adnav_Nav_Motivation.pdf
```

`CV final new.pdf` अशा नावाच्या पुष्कळ फायली त्या संगणकावर आधीच असतील.

निखिल_ठाणे

बरं, कंपनीचं मी चुकीच्या जागी सांगितलं. पण विषयाच्या ओळीचं तरी ऐका: "इंटर्नशिपबाबत" नको. फोनवर विषयाचे सुरुवातीचे काही शब्दच दिसतात, म्हणून कामाचा शब्द आधी आणि "बाबत", "विनंती", "नम्र" असले शब्द गाळून टाका.

दप्तरी

निखिलचं हे अगदी बरोबर. वर सगळ्यांनी सांगितलेलं धरून मेल असा होईल. सायली, आकडे तुझे तू तपासून घे.

> विषय: इंटर्नशिप अर्ज: मोडी कागदांची सूची, 120 तास, 4 मे ते 12 जून 2026
>
> मा. कार्यवाह यांस,
> स. न. वि. वि.
>
> मी (विद्यापीठाचे नाव), कोल्हापूर येथे एम.ए. (इतिहास) प्रथम वर्षात शिकते. अभ्यासक्रमातील 120 तासांची इंटर्नशिप आपल्या मोडी दप्तरात करता यावी यासाठी हा अर्ज करीत आहे.
>
> 4 मे ते 12 जून 2026 या काळात सोमवार ते शुक्रवार रोज 5 तास मी येऊ शकते. पुण्यात राहण्याची सोय झाली आहे.
>
> पेशवेकालीन मोडी पत्रे मी तासाला सुमारे अर्धे पान या गतीने लिप्यंतरित करते. हिशेबी कागदांतील मापे वाचता येतात, अपूर्णांकांच्या खुणांत अजून अडते. कागद झाडणे, क्रमांक देणे, सूची करणे आणि संगणकावर युनिकोड मराठीत नोंदी करणे या कामांची तयारी आहे.
>
> सोबत माझा सीव्ही (1 पान) व मोटिव्हेशन लेटर (1 पान) जोडले आहे. हिशेबी कागदांवर काम करावेसे का वाटते, ते लेटरमध्ये लिहिले आहे. विभागाचे शिफारसपत्र आपल्याला हव्या त्या नमुन्यात पाठवीन.
>
> या काळात जागा असल्यास पुढे कोणाशी बोलावे, ते कृपया कळवावे.
>
> आपली विश्वासू,
> (पूर्ण नाव)
> (फोन)

यात संस्थेची स्तुती नाही, ती मी मुद्दाम घातलेली नाही. ती ओळ ज्या जागी येते, त्या जागी तारखा बसतात. आणि शेवटचा प्रश्न असा आहे की ज्याला एका ओळीत उत्तर देता येईल. "संधी द्यावी" या विनंतीला कार्यालयातला माणूस स्वतःच्या अधिकारात काहीच उत्तर देऊ शकत नाही. "कोणाशी बोलावे" याला तो लगेच नाव कळवू शकतो.

वाचस्पती

मेल छान झालाय, पाकिटाचं माझं म्हणणं मी मागे घेतो. मात्र "स. न. वि. वि." मला खटकतं. कार्यवाह वयाने आणि मानाने मोठे असणार, विद्यार्थिनीने "सा. न. वि. वि." लिहावं. किंवा सरळ "महोदय/महोदया".

मृण्मयी_प

साष्टांग नमस्कार घरच्या वडीलधाऱ्यांना, कार्यालयाला सप्रेम नमस्कारच बरा.

वाचस्पती

मला पटत नाही, पण असो. दोन्हींत कोणी रागावणार नाही. "आदरणीय सर/मॅडम" मात्र नको हे नक्की.

सायली_के

खूप आभार. आता लेटर. सध्या दीड पान झालंय आणि त्यातला अर्धा भाग "आवड कशी निर्माण झाली" हाच आहे.

दप्तरी

तो अर्धा भाग काढ. मेलने "काय आणि केव्हा" सांगितलंय, सीव्हीने "आतापर्यंत काय केलं" सांगायचं, लेटरने फक्त "हेच दप्तर का, हेच काम का" याचं उत्तर द्यायचं. एक पान, तीन परिच्छेद भरपूर झाले. आणि कालावधी, तास, वर्ष यांपैकी जे काही पुन्हा येईल ते तिन्ही ठिकाणी एकसारखं असू दे. मेलमध्ये 120 तास आणि लेटरमध्ये "दोन महिने" असं झालं की कार्यालय आधी तेच विचारत बसतं.

पहिला परिच्छेद एखाद्या कागदावर ठेव. आवड आहे असं सांगण्याऐवजी ती दिसू दे. उदाहरणार्थ, छापील नमुन्यातला एखादा जकातीचा हिशेब तू लिप्यंतरित केला असशील. त्यावर सन असा असेल: "सलास सितैन मया व अलफ". सलास 3, सितैन 60, मया व अलफ 1100, म्हणजे सुहूर सन 1163. हे साल मृगाच्या सुमाराला सुरू होतं, म्हणून त्यात 599 मिळवले की जून ते डिसेंबरचं इसवी साल येतं आणि 600 मिळवले की त्यापुढच्या महिन्यांचं. म्हणजे तो कागद 1762-63 चा. हे तू दोन वाक्यांत लिही: अमुक हिशेब वाचताना तारीख अशी लावली, आणि त्यात मालाच्या नोंदीतल्या अमुक रेघेपाशी अर्थ लागला नाही. नुसत्या "आवड" या शब्दापेक्षा यातून वाचणाऱ्याला तुझ्याबद्दल कितीतरी जास्त कळतं. पण जो कागद तू स्वतः वाचलायस तोच घे. माझं उदाहरण उचललंस आणि त्यावर प्रश्न आला तर अडचण होईल.

दुसरा परिच्छेद या दप्तराचा. त्यांच्या छापील सूच्या किंवा वार्षिक अहवाल विद्यापीठाच्या ग्रंथालयात असतील तर काढून बघ आणि त्यातल्या एखाद्या संग्रहाचं नाव घे. ग्रंथालयात नसतील तर ओढूनताणून काही लिहू नकोस. तिसरा परिच्छेद कामाचा: हिशेबी कागद घ्यायची तयारी, युनिकोड टायपिंगची गती, आणि प्रबंधाचा विषय एका वाक्यात. त्यालाच जोडून स्पष्ट लिही की इंटर्नशिपच्या वेळेत दप्तराचं काम करीन आणि प्रबंधासाठी कागद बघायचे झाले तर वाचकाचा अर्ज वेगळा देईन.

सायली_के

लिप्यंतराचा एक नमुना जोडू का? माझ्याकडे एका ओळखीच्यांच्या घरच्या मोडी पत्राचा फोटो आहे, त्याचं मी केलंय.

मृण्मयी_प

नमुना जोडणं चांगलं, पण मालकाला विचारल्याशिवाय घरगुती कागदाचा फोटो मेलमधून फिरवू नकोस. वतनाचे वाद आजही कोर्टात असतात. दुसऱ्या दप्तरातल्या अप्रकाशित कागदाचा फोटो तर अजिबात नको, अशा गोष्टींबद्दल दप्तरं फार काटेकोर असतात. छापील पुस्तकातला नमुना घे, पुस्तकाचं नाव आणि पान लिही, आणि आठ-दहा ओळींचं लिप्यंतर दे. न लागलेल्या शब्दाच्या जागी अंदाज न ठोकता प्रश्नचिन्ह ठेव.

दप्तरी

मी जोडणार नाही. त्यांनी दोनच कागद मागितलेत. "मागितल्यास नमुना पाठवीन" एवढं लेटरच्या शेवटी पुरे. पण मृण्मयींच्या पद्धतीने केलेला नमुना तयार ठेव, भेटीत बहुधा विचारतील.

मृण्मयी_प

आपलं यावर एकमत होणार नाही, मी तरी जोडला असता. सायली, तू ठरव.

अक्षरजुळणी

प्रिंटबद्दल राहिलं. कार्यालयातला प्रिंटर काळा-पांढरा धरा. दुकानांतल्या तयार सीव्हीत निळी पट्टी आणि त्यावर पांढरी अक्षरं असतात, ती काळ्या प्रिंटमध्ये धड वाचता येत नाहीत. फिकट करडी अक्षरंही पुसट येतात. साधं पांढरं पान आणि काळी अक्षरं ठेव. दोन्ही पीडीएफवर वरच्या कोपऱ्यात तुझं नाव आणि फोन असू दे, कारण टाचणी सुटली की लेटर कोणाचं ते कळत नाही. पाठवण्याआधी तोच मेल स्वतःलाच पाठव, दोन्ही फायली फोनवर उघड आणि कॉलेजच्या संगणकावर एक प्रिंट काढून बघ.

सायली_के

उत्तर आलं नाही तर किती दिवसांनी विचारू? आणि आमच्या विभागप्रमुखांना मेलच्या प्रतीत ठेवू का?

दप्तरी

दहा दिवस थांब, मग कार्यालयाच्या वेळेत फोन कर. फोनवर "मेल बघितला का" असं विचारू नकोस. तारीख आणि विषयाची ओळ सांग, म्हणजे त्यांना तो शोधता येईल. त्यांनी पुन्हा पाठवायला सांगितलं तर एक लक्षात ठेव. जीमेलमध्ये स्वतःच्या जुन्या मेलला `Reply` केलं तर जोडलेल्या फायली नव्या मेलसोबत जात नाहीत, `Forward` केलं तर जातात. लिपिक नव्या मेलचाच प्रिंट काढणार. म्हणून `Forward` कर, किंवा फायली परत जोड.

वाचस्पती

विभागप्रमुखांना प्रतीत ठेवावं. संस्थेला वाटतं की विभागाला हे माहीत आहे.

दप्तरी

त्यांना आधी विचारून ठेवलं तर चालेल. न विचारता ठेवलं आणि कार्यवाहांनी त्यांनाच फोन केला, तर त्यांना काहीच माहीत नसेल. माझ्या मते आत्ता मेल एकटीने पाठवावा आणि होकार आल्यावर शिफारसपत्र विभागाच्या शिक्क्याने जावं. पण काही विद्यापीठांत आधी विभागाचं पत्र आणि मग अर्ज असा क्रम सक्तीचा असतो. परिपत्रक उघडशील तेव्हा तासांबरोबर हेही बघ.

सायली_के

परिपत्रक बघितलं. तास 120 च आहेत, पण विभागाचं पत्र अर्जासोबतच जोडायचंय. म्हणजे फायली तीन होणार, आणि "शिफारसपत्र पाठवीन" हे वाक्य बदलावं लागेल.

दप्तरी

मग ते वाक्य "सोबत सीव्ही (1 पान), मोटिव्हेशन लेटर (1 पान) व विभागाचे पत्र जोडले आहे" असं कर. विभागाच्या पत्रात तारखा असतील तर त्या 4 मे ते 12 जून अशाच आहेत का, ते सही व्हायच्या आधी वाचून घे. पत्र स्कॅन करून पीडीएफ कर, फोनने काढलेला फोटो तसाच जोडू नकोस, आणि जावक क्रमांक स्कॅनमध्ये वाचता येतोय ना तेवढं बघ.